स्मिअरसाठी स्प्रे की अल्कोहोलची बरणी? उन्हाळी शिबिरांपुरता माझा कौल

गर्भाशयमुखाच्या स्मिअरची शिबिरं घ्यायचं ठरलं की खरेदीच्या यादीत पहिला अडतो तो फिक्सेटिव्ह, म्हणजे काचेवरच्या पेशी सुकण्याआधी जशाच्या तशा टिकवणारं द्रव्य. स्प्रेचा डबा घ्यावा, की ९५ टक्के इथाइल अल्कोहोल भरलेल्या कॉप्लिन जार, म्हणजे काचा बुडवून ठेवायच्या छोट्या बरण्या, सोबत न्याव्यात? यवतमाळ जिल्ह्यातल्या शिबिरांत मी दोन्ही वापरलं आहे, आणि त्या काचा रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहायचं कामही माझ्याकडेच असतं.

प्रवासाला स्प्रे सोयीचा, यात वाद नाही. फवारा मारला, काच आडवी ठेवून वाळू दिली, की डबीत घालून कुठंही न्या. बरणी मात्र खड्ड्यात गाडी आपटली की सांडते. तिच्यात पेनाची शाई धुऊन जाते, म्हणून नाव पेन्सिलीनंच लिहावं लागतं. शिवाय एका काचेवरच्या पेशी सुटून दुसरीला चिकटू शकतात, त्यामुळे अल्कोहोल बदलत किंवा गाळत राहावं लागतं. इथाइल मिळवण्याची कटकट असेल तर शुद्ध मिथेनॉल किंवा ८० टक्के आयसोप्रोपाइल चालतं.

माझं मत फिरलं ते एका मे महिन्यातल्या शिबिरात. खोलीत कूलर टेबलाच्या दिशेनंच लावलेला. सिस्टरच्या एका हातात स्पेक्युलम, दुसऱ्यात स्पॅच्युला. काचेवर स्मिअर पसरायचा, स्पॅच्युला ठेवायचा, डबा उचलायचा, टोपण काढायचं आणि साधारण एक वीत-सव्वा वीत अंतरावरून फवारायचं. जवळून मारलं तर फवाऱ्याच्या जोरानं पेशीच सरकतात. मी घाई करा म्हणालो, तर सिस्टर म्हणाल्या, ‘दादा, मले दोनच हात हायेत ना.’ खरंच होतं. तेवढ्या वेळात काचेवरची ओली चमक जाताना मला दिसत होती, आणि ती चमक गेल्यावर मारलेल्या फवाऱ्याचा उपयोग नसतो.

त्या दिवशीच्या ३८ काचांपैकी ९ सुकलेल्या निघाल्या. त्यातली एक सांगतो. चार पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली प्रत्येक क्षेत्रात अंदाजे ५०० स्क्वेमस पेशी होत्या. साध्या स्मिअरला बेथेस्डा या अहवाल-पद्धतीप्रमाणे ८,००० ते १२,००० स्पष्ट दिसणाऱ्या पेशी लागतात, म्हणजे अशी १६ क्षेत्रं भरली तरी किमान गाठली जाते. इथं २० भरत होती. मधाच्या पोळ्यासारखे एंडोसर्व्हायकल पेशींचे पुंजकेही होते. ते नसले तरी नमुना बाद होत नाही, फक्त अहवालात तशी नोंद करायची असते. थोडक्यात, नमुना घेणारीचं काम चोख होतं.

पण हाय पॉवरवर गेलो तर केंद्रकं फुगलेली, क्रोमॅटिन पुसल्यासारखं. इए-५० या रंगात हिरवट-निळ्या दिसायला हव्यात त्या पेशीही गुलाबी-नारिंगी झालेल्या. फुगलेलं केंद्रक बघून शंका घ्यावी, तर ते सुकल्यामुळे फुगलंय की आजारामुळे, हेच कळेना. तीन चतुर्थांशाहून जास्त पेशींची अशी गत होती, म्हणून ‘असमाधानकारक’ लिहावं लागलं. एकही खात्रीची विकृत पेशी दिसली असती तर तसं लिहिलं नसतं. मग काच कितीही खराब असो, ती पेशीच कळवायची असते. त्या बाईंना पुन्हा बोलावणं धाडलं तेव्हा पेरणी सुरू झाली होती. त्या आल्या थेट पोळ्यानंतर.

स्प्रेचा आणखी एक त्रास रंगवताना होतो. बहुतेक स्प्रेमध्ये मेणासारखं कार्बोवॅक्स असतं. केंद्रकं रंगवणाऱ्या हॅरिस हिमॅटॉक्सिलिनच्या आधी काच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये दहाएक मिनिटं ठेवून ते काढलं नाही, तर केंद्रकं कुठं गडद, कुठं फिकी अशी रंगतात. नंतर ओजी-६ आणि इए-५० हे पुढचे रंग कितीही नीट दिले तरी ती फिकी राहिलेली केंद्रकं सुधारत नाहीत. म्हणजे अल्कोहोल टाळायला स्प्रे घेतला, तरी प्रयोगशाळेत ते लागतंच.

बरणीचं टोपण आधीच उघडं ठेवता येतं. स्मिअर पसरला की हात थेट आत जातो, मध्ये काही उचलायचं नसतं. दोन काचा पाठीला पाठ लावून, मध्ये पेपरक्लिप, आणि किमान १५ मिनिटं बुडवून ठेवायच्या. मला तरी त्यानंतर सुकलेली काच क्वचितच दिसली.

हिवाळ्यात, मदतीला दुसरी सिस्टर असेल, तर स्प्रेनंही चांगलं काम होत असावं; माझ्या डिसेंबरच्या काचा वाईट नव्हत्या. स्प्रेच घेणार असाल तर स्मिअर घेताना कूलर बंद ठेवा आणि फवारायला वेगळं माणूस उभं करा. तरी एखादी काच सुकलीच, तर फवारा न मारता लगेच अर्धा मिनिट नॉर्मल सलाइनमध्ये धरा आणि मग अल्कोहोलमध्ये सोडा. बऱ्याच पेशी सावरतात. म्हणजे एक बरणी न्यावी लागेलच.

पोळ्यानंतर त्या बाईंचा दुसरा स्मिअर बरणीतच घेतला. या वेळी क्षेत्रं १७च भरली, पण केंद्रकाची कड प्रत्येक पेशीत रेघ मारल्यासारखी दिसत होती.