उदगीरला दुसरं दुकान की पुण्याला पार्सल?

लातूरच्या गल्लीत येसर, काळा मसाला आणि चटण्यांचं दुकान चाललंय, गल्ल्यावर माणूस उभा राहतोय, आणि आता उदगीरला गाळा बघावा की आधी कुरिअरनं माल पाठवावा, असा प्रश्न पडलेल्यांसाठी हे लिहितोय. मी आधी ऑनलाइन वाढवलं, तेव्हा माझा कल कुठं झुकतो हे उघड आहे. तरी ज्यांनी गाळा घेतला ते चुकले असं म्हणणार नाही.

खर्चाचा हिशेब आधी. आकडे नमुन्यादाखल धरलेत, तुमचे तुम्ही घाला. गाळ्याचं भाडं १२ हजार, एका माणसाचा पगार ११ हजार, लाइट, जाणं-येणं आणि किरकोळ धरून ३ हजार, म्हणजे महिन्याला २६ हजार. मालावर ३० टक्के सुटत असतील तर फक्त हा खर्च निघायला ८७ हजारांची विक्री लागते. सरासरी २५० रुपयांचं बिल धरलं तर महिन्याच्या २६ दिवसांत रोज तेरा-चौदा गिऱ्हाइकं. अनामत आणि फर्निचर वेगळं. भाडेकरार ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी करावीच लागते, आणि त्यात ‘लॉक-इन’, म्हणजे गाळा मध्येच सोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचं आहे ते सही करण्याआधी वाचा. अन्नपदार्थांची एफएसएसएआय नोंदणी पत्त्यागणिक असते, लातूरची उदगीरला चालत नाही.

तेरा-चौदा गिऱ्हाइकं उदगीरसारख्या गावात अवघड नाहीत. अवघड आहे ती उधारी. माझा निर्णय तिथंच झाला, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त लिहितो.

जूनमध्ये पेरणीला पैसा गेला की गिऱ्हाईक म्हणतं, ‘सोयाबीन निघाल्यावर देतो.’ त्यात खोटं काही नसतं. पण पैसा हातात यायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो. ८७ हजारांच्या विक्रीत चौथा हिस्सा उधारीवर गेला तर महिन्याला पावणेबावीस हजार, आणि जून ते ऑक्टोबर पाच महिन्यांत जवळपास एक लाख नऊ हजार बाहेर अडकतात. मिरची, धने, खोबरं मात्र आपण रोखीनं भरलेलं असतं. स्वतःच्या गल्ल्यावर मालक ओळखतो की हा कुणाचा, शब्दाला कसा, मागची बाकी दिली का. उदगीरच्या गल्ल्यावरचा पगारी पोरगा हे ओळखू शकत नाही. तो एकतर सगळ्यांना नाही म्हणतो आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, नाहीतर सगळ्यांना हो म्हणतो. वहीत नावापुढं मोबाइल नंबर नाही, जुनी बाकी न मिटता त्याच नावावर नवी चढतेय, आणि आठवडी बाजाराच्या दिवशीसुद्धा रोख वाढत नाही, असं दिसलं की विक्रीचा आकडा कितीही चांगला असो, दुकान पैसा खातंय असं समजा.

दुसरी गोष्ट पावसाची. लातूर आणि उदगीर, दोन्हीकडचं गिऱ्हाईक बरंचसं एकाच पिकावर आणि एकाच पावसावर अवलंबून. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. तसलं वर्ष आलं की दोन्ही गल्ले एकदमच थंडावतात, भाडं मात्र दोन ठिकाणी चालू. पुण्यात नोकरीला असलेल्या लातूरकराचा पगार पावसावर ठरत नाही, आणि येसर आमटी त्याला तिथंही लागतेच.

आता ऑनलाइनचा हिशेब. ६०० रुपयांची ऑर्डर, त्यात २०० ग्रॅमची चार पाकिटं. माल ४२०, खोका-टेप २०, कुरिअर ७०, पेमेंटचं शुल्क १४ गेलं की ७६ रुपये उरतात. पॅकिंगला अर्धवेळ बाई सहा हजारांवर ठेवली तर महिन्याला ७९ ऑर्डरी पुरतात, दिवसाला तीन. जाहिरातीवर खर्च केला तर हा आकडा वाढतो, म्हणून सुरुवात दुकानातल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲपवरूनच करावी.

इथंही दोन खड्डे आहेत. पहिला वजनाचा. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त असेल ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५००० नं भागतात. २०×१५×१२ चा खोका ७२० ग्रॅम भरतो, २५×२०×१५ चा थेट दीड किलो, आत माल तोच असला तरी. म्हणून किलोचा नाही, ८०० ग्रॅमचा संच करा, खोक्यासकट तो एक किलोच्या आत बसतो. दुसरा खड्डा कॅश ऑन डिलिव्हरीचा. पार्सल परत आलं की जायचे ७०, यायचे बहुधा तेवढेच आणि पॅकिंगचे २०, असे १६० रुपये जातात, म्हणजे दोन ऑर्डरींचा नफा जाऊन वर आठ रुपये पदरचे. तीनात एक परत येऊ लागलं तर नुसती हमाली उरते. फक्त आगाऊ पैसे घ्या, ऑर्डरी कमी येतील, येऊ द्या. उधारीवर ‘नाही’ म्हणताना समोर माणूस उभा असतो, इथं नसतो, हा फरक मला फार मोठा वाटतो.

जीएसटी नोंदणी नसेल तर पार्सल महाराष्ट्रातच ठेवा. हैदराबाद आपल्याला पुण्यापेक्षा जवळ वाटतं, पण कायद्याच्या लेखी ते परराज्य, आणि परराज्यात माल विकायचा तर उलाढाल ४० लाखांच्या आत असली तरी नोंदणी लागते. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर परराज्यात विकताच येत नाही. शेंगदाणा आणि कारळाच्या चटण्या सुरुवातीला पाठवू नका, तेलामुळं लवकर खवट होतात आणि उन्हाळ्यात पाकीट तेलकट होतं. येसर आणि काळा मसाला नीट सीलबंद केला तर प्रवास सोसतो.

मागणी नुसती विचारून कळत नाही. ‘उदगीरला दुकान काढा की’ असं दहा जण म्हणतात. मार्च ते मे, मसाल्याच्या हंगामात, प्रत्येक बिलावर दोन गोष्टी लिहा: गिऱ्हाईक कुठल्या गावचं, आणि माल कुठं जाणार. लातूरचंच गिऱ्हाईक पुण्यातल्या लेकीसाठी नेत असेल तर तो पुण्याचा पुरावा, लातूरचा नाही. त्याच काळात चार आठवडे पुण्याकडच्या ट्रॅव्हल्समधून पार्सलं पाठवून बघा, कुरिअरशी करार करण्याआधी. आगाऊ पैसे भरून दुसऱ्यांदा किती जणांनी मागवलं, तेवढंच मोजा.

गाळा आधी घ्यावा असं एक ठिकाण मात्र आहे. तुमचं उत्पन्न मसाला विकण्यापेक्षा मिरची कांडपातून जास्त येत असेल, तर डंक कुरिअरनं जात नाही. बाया आपली मिरची, आपलं खोबरं घेऊन येतात आणि समोर उभं राहून कुटून घेतात, पैसेही लगेच मिळतात. तिथं ऑनलाइनचा विचार सोडून द्या.

बाकीच्यांनी उदगीरच्या एखाद्या किराणा दुकानात विकेल तसे पैसे या बोलीवर पाकिटं ठेवून बघावीत. त्या दुकानदारालाही सांगा की आपला माल उधारीवर द्यायचा नाही. सलग आठ आठवडे रोज सात-आठ पाकिटं रोखीनं उठली, तर गाळ्याच्या मालकाला फोन करायला हरकत नाही. तो जूनमध्ये करू नका, दिवाळीनंतर करा.