रोजची दहा मिनिटांची आवराआवर: दिवेलागणीआधी की रात्री जेवणानंतर?

आमच्या हॉलमध्ये दिवाण, टीपॉय, फुलं ठेवायची पितळी उरळी आणि भिंतीवर वारलीची फ्रेम, एवढीच सजावट. माणसं मात्र पाच, त्यातली दोन शाळेत जाणारी. रोज दहा मिनिटं आवरायचं यावर एकमत होतं, वेळेवर नव्हतं. सासूबाई म्हणायच्या दिवेलागणीआधी, मी म्हणायचे रात्री. शेवटी दोन्ही एकेक महिना करून पाहिलं.

काम दोन्हीकडे तेच. टोपली घेऊन हॉलभर एक फेरी मारायची आणि जे हॉलचं नाही ते तिच्यात टाकायचं: चार्जर, मोजे, कंपासपेटी. याला तीनेक मिनिटं लागतात. मग दिवाणाची चादर ताणायची, उशा झटकून चेनची बाजू खाली करून लावायच्या, टीपॉय रिकामा करून पुसायचा. उरलेल्या वेळात टोपलीतल्या वस्तू जागेवर. केर-फरशी यात धरायची नाही, शोकेस पुसायला तर घ्यायचंच नाही. नाहीतर दहाची चाळीस मिनिटं होतात आणि चौथ्या दिवशी कुणी उठत नाही.

दिवेलागणीआधी आवरलं की दिवा लावताना घर छान दिसतं आणि सातला कुणी अचानक आलं तरी धावपळ होत नाही. पण त्या वेळी घरात सासूबाई एकट्याच. मुलं खेळायला, आम्ही दोघं लोकलमध्ये. म्हणजे पसारा पाच जणांचा आणि आवरणारं माणूस एक. शिवाय आठला गृहपाठ, नऊला टीव्हीसमोर जेवण. दहाला टीपॉयवर पुन्हा पाण्याचे पेले आणि खोडरबराचा चुरा.

रात्रीचं आवरलेलं सकाळपर्यंत टिकतं. सव्वासातला मोजा शोधत उशा उपसाव्या लागत नाहीत. पहिल्या आठवड्यात मात्र आम्ही झोपायच्या वेळी, साडेदहाला आवरायला घेतलं आणि फसलो. मुलं झोपलेली, सगळी टोपली माझ्याच गळ्यात. मग ताटं उचलली की लगेच, म्हणजे साडेनऊला सुरू केलं. आपापल्या वस्तू टोपलीतून ज्याच्या त्याने न्यायच्या. तेव्हा जमलं.

टोपलीवर लक्ष ठेवा. तळाशी तीच वस्तू तिसऱ्या दिवशीही दिसली, तर त्या वस्तूला घरात जागाच नाही असं समजा. आमच्याकडे ते हेडफोन होते. दाराजवळ एक खिळा ठोकल्यावर प्रश्न मिटला.

घरात संध्याकाळी दोन-तीन जण असतील किंवा शिकवणीची मुलं येत असतील, तर सासूबाईंची वेळ बरी. सगळे आठनंतर घरी येत असाल तर रात्रीचीच धरा. उरळी मात्र आम्ही दोन्हींतून वगळली. तिचं पाणी सासूबाई रोज सकाळी पूजेची फुलं काढताना बदलतात. साचलं तर डासांची अंडी होतात, आणि रात्री ते कुणाच्या लक्षात येत नाही.