घरी येणाऱ्या सिस्टरच्या पहिल्या भेटीतल्या गप्पा: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ब्युरोतून सिस्टर लावताना आपण दर विचारतो, वेळ विचारतो, इंजेक्शन देता येतं का ते विचारतो. पहिल्या वीस मिनिटांत ती पेशंटशी काय बोलणार, हे कोणी विचारत नाही. आठ महिन्यांत नेमणुकीची सिस्टर, सुट्टीवरची बदली, पुन्हा नवी, अशा बऱ्याच पहिल्या भेटी झाल्या. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. गप्पा हव्यातच, पण त्या कधी थांबवायच्या हे कळणारी सिस्टर खरी कामाची.

पेशंट ७८ वर्षांच्या आजी. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन होऊन घरी आलेल्या, वॉकरवर. बीपीची एक गोळी चालू, उजव्या कानाने कमी ऐकू येतं, आणि रक्तात गुठळी होऊ नये म्हणून पोटावर रोज एक इंजेक्शन. पहिल्या दिवशी सिस्टर आली, बॅग पलंगावर उघडली, उभ्यानेच पट्टा बांधला आणि फुगवता फुगवता विचारू लागली, "आजी, बरं वाटतंय ना? घाबरू नका हं." आकडा आला १७४/९०. घरचे हादरले, गोळी वाढवायची का म्हणून डॉक्टरांना फोन गेला. डॉक्टरांनी पंधरा मिनिटं थांबून, आजींना काही न बोलता पुन्हा मोजायला सांगितलं. तेव्हा १४६/८२.

हे का होतं, ते नीट माहीत आहे. १९८३ साली मिलानमधल्या मान्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोहिणीच्या आत नळी ठेवून बीपी सलग नोंदवलं. डॉक्टर खाटेजवळ येताच वरचा आकडा सरासरी २७ ने चढला. शिखर पहिल्या चार मिनिटांतच आलं, आणि दहा मिनिटांची भेट संपेपर्यंत बरीचशी वाढ ओसरली. त्यांनीच पुढे नर्सच्या भेटीत मोजलं, तर वाढ साधारण निम्मी निघाली. म्हणजे सिस्टर आधीच फायद्यात असते. तिने फक्त घाई करायची नाही. पण मोजताना पेशंट बोलत असेल तर त्या बोलण्यानेच आकडा दहाएक अंशांनी वर जातो. गप्पा भीती घालवतात आणि चुकीच्या वेळी मारल्या तर आकडाही बिघडवतात. म्हणून सगळं क्रमावर येतं.

नंतरच्या सिस्टरचा क्रम असा होता आणि तोच आम्ही धरून ठेवला. आल्यावर चप्पल बाहेर, हात धुणं, बॅग दाराशीच बंद. मग खुर्ची ओढून आजींच्या डाव्या बाजूला, चांगल्या कानाकडे, डोळ्याला डोळा भिडेल इतक्या उंचीवर बसणं. सात-आठ मिनिटं बोलणं. त्यानंतर सरळ सांगणं: "आजी, आता पाच मिनिटं आपण दोघी गप्प बसू या, मग बीपी बघते." पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंड उशीवर छातीच्या पातळीत, पट्टा उघड्या दंडावर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. पहिल्याच भेटीत दोन्ही दंडांवर बघून घ्यायचं आणि ज्यावर आकडा जास्त येईल तोच दंड पुढे वापरायचा. लघवी तुंबली असेल तर आधी बाथरूमला नेऊन आणायचं, नाहीतर आकडा फुकट वर दिसतो.

चहाचं मात्र आपल्या घरांत जपावं लागतं. सिस्टर आली की आजी म्हणणारच, "आधी चहा घे गं," आणि सोबत स्वतःही अर्धा कप घेणार. चहानंतर अर्धा तास बीपी मोजू नये, असं असताना नाही म्हटलं तर आजींचं मन दुखावतं. "घेणार ना, तुमच्याबरोबरच घेणार, पण हे मोजून झालं की," हे उत्तर चाललं. उलट त्यामुळे पुढच्या पाच मिनिटांच्या गप्प बसण्याला कारण मिळालं.

आता बोलायचं काय? "घाबरू नका" हे सुरुवातीला नकोच. ज्याच्या मनात भीती नसेल त्यालाही त्याने ती सुचते. "काही दुखणार नाही" तर अजिबात नको, कारण सुई टोचते, आणि पहिलीच गोष्ट खोटी ठरली की दुसऱ्या दिवशी हात आखडलेला मिळतो. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, आज वार कोणता, हे प्रश्न परीक्षेसारखे वाटतात, ते शेवटी. समोर दिसणाऱ्या वस्तूवरचा प्रश्न सगळ्यात सोपा जातो: कुंडीतली तुळस, पायावरची गोधडी, अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं. गोधडीवर विचारलं की टाका कोणता, तुकडे कुणाच्या लुगड्याचे, असं आपोआप निघत जातं. मुलं कुठे असतात, हे मात्र पहिल्या दिवशी विचारू नये. हार घातलेल्या फोटोबद्दलही नाही. आजी स्वतः बोलल्या तर ऐकावं.

घरच्यांची चूक आम्हीही बरीच बघितली: प्रश्न आजींना आणि उत्तर सुनेचं. त्या आठ मिनिटांत घरच्यांनी स्वयंपाकघरात जावं. माहिती द्यायची ती फाइलमधून नंतर द्यावी.

इंजेक्शनला उलटं गणित आहे. तिथे गप्पा सुईच्या वेळीच हव्यात. पण न सांगता टोचायचं नाही. "आता टोचते, दहा सेकंद चुणचुण होईल" असं आधी सांगून, लगेच लांब उत्तराचा प्रश्न टाकायचा: "पुरणाला कणिक कशी भिजवता?" आजी सांगू लागल्या की पोटाची घडी बोटांत धरून सुई सरळ आत, औषध सावकाश, सुई बाहेर येईपर्यंत घडी सोडायची नाही. नंतर चोळायचं नाही, काळंनिळं होतं. आजींच्या पोटावर मोठे डाग पडले ते चोळल्याच्या दिवशीचे.

या पद्धतीची मर्यादा गंभीर आहे आणि ती घरच्यांनाही माहीत असावी. सगळी अस्वस्थता म्हणजे भीती नव्हे. दहा-पंधरा मिनिटं शांतपणे बोलूनही घालमेल कमी होत नसेल तर दुसरं कारण शोधायचं. एक वाक्य एका श्वासात पुरं होत नसेल तर आधी ऑक्सिमीटर. घाम आणि थरथर असेल, त्यातून पेशंट मधुमेहाचा असेल, तर साखर. ७० च्या खाली असेल तर गप्पा बाजूला आणि साखरपाणी आधी, अर्थात गिळता येत असेल तरच. ऑपरेशन झालेला पाय एकाएकी सुजला, पोटरी दुखू लागली, किंवा कालपर्यंत नीट बोलणारी व्यक्ती आज असंबद्ध बोलू लागली, तर त्याच तासाला डॉक्टरांना फोन. "नवीन माणूस बघून घाबरल्यात" हे वाक्य अशा वेळी फार महागात पडतं. चांगली सिस्टर गप्पा मारताना हेच तपासत असते: श्वास, उच्चार, तोंडाची एक बाजू ओघळली आहे का, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा येते का.

बदलीच्या सिस्टरसाठी फाइलच्या पहिल्या पानावर आम्ही चार ओळी लिहून ठेवल्या आहेत: "आजी म्हणावं, नावाने नको. डाव्या कानाशी बोला. गोधडी किंवा पुरणपोळीवरून सुरुवात करा. बीपी आधी, चहा नंतर." गेल्या महिन्यात बदली सिस्टरने पहिल्याच दिवशी हे वाचून मोजलं, तेव्हा आकडा १४२/८० होता.