स्टुडिओतून हाताने की स्क्रिप्टने? यूट्यूबची अपलोड मर्यादा आडवी येते तेव्हा

तालमीच्या कुस्त्यांचं चित्रण करणाऱ्या पोरांकडून हा प्रश्न मला वरचेवर येतो. एका मैदानात वीस-बावीस कुस्त्या झाल्या की प्रत्येकीचा वेगळा व्हिडिओ लागतो, कारण पैलवानाच्या घरच्यांना आपल्या पोराचीच कुस्ती बघायची असते. मग चौदाव्या-पंधराव्या व्हिडिओला `Daily upload limit reached` येतं. अशा वेळी यूट्यूब स्टुडिओतूनच हाताने टाकत राहावं, की एपीआयवर, म्हणजे प्रोग्रॅममधून यूट्यूबवर काम करायच्या वाटेवर, छोटी स्क्रिप्ट लिहावी? मी दोन्ही केलं आहे.

पहिल्यांदा बघताना स्क्रिप्टच सरस वाटते. स्टुडिओत "आज इतके उरले" असा आकडाच नाही. Settings, Channel, Feature eligibility इथे गेलात तर Advanced features चालू आहेत की नाहीत एवढं कळतं. ती चालू झाली की रोजची मर्यादा वाढते, पण किती झाली ते तिथे लिहिलेलं नसतं. देश, चॅनेलचा पूर्वेतिहास आणि कॉपीराइट स्ट्राइक यांवर ती बदलते, त्यामुळे मित्राच्या चॅनेलचा आकडा आपल्याला लागू पडेलच असं नाही.

स्क्रिप्टकडे मात्र स्वच्छ हिशेब असतो. गूगल क्लाउड कन्सोलमध्ये YouTube Data API v3 उघडून Quotas बघितलं की रोजच्या 10,000 युनिटांपैकी किती खर्च झाले ते समोर दिसतं. मी स्क्रिप्ट लिहिली तेव्हा एका अपलोडला 1600 युनिट लागत, म्हणजे दिवसाला सहा व्हिडिओ. हा दर बदलू शकतो, तेव्हा आजचा तक्ता बघूनच भागाकार करा. कोटा नव्याने मिळण्याची वेळही ठरलेली आहे: पॅसिफिक वेळेप्रमाणे मध्यरात्र. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेबारा वाजलेले असतात, आणि तिकडचं हिवाळी घड्याळ सुरू असताना दीड.

याच आकड्याने मला चकवलं. एप्रिलमधल्या एका मैदानाच्या बावीस कुस्त्या होत्या. सकाळी नऊपासून स्टुडिओतून टाकायला बसलो, चौदा गेल्या आणि बारा वाजता मर्यादेचा संदेश आला. कन्सोल उघडलं तर खर्च शून्य. मला वाटलं, सहा व्हिडिओंची सोय शिल्लक आहे. स्क्रिप्ट चालवली तर उत्तर आलं:

```
"reason": "uploadLimitExceeded"
```

कोटा नव्याने मिळाला की चालेल म्हणून साडेबारापर्यंत थांबलो. पुन्हा तेच. तिकडे पैलवानांचे फोन सुरू झालेले.

कारण नंतर उमगलं. कोटा क्लाउड कन्सोलमध्ये स्क्रिप्टसाठी काढलेल्या माझ्या प्रोजेक्टचा असतो आणि अपलोड मर्यादा चॅनेलची. चॅनेलच्या 24 तासांत संगणक, मोबाइल आणि एपीआय तिन्हीकडून गेलेले व्हिडिओ एकत्र मोजले जातात. प्रोजेक्टचा कोटा संपला असता तर संदेश `quotaExceeded` असा आला असता, आणि मग साडेबाराची वाट बघण्यात अर्थ होता. `uploadLimitExceeded` आला की घड्याळातल्या मध्यरात्रीचा काही संबंध नाही. चोवीस तासांनी पुन्हा प्रयत्न करा, एवढंच यूट्यूब सांगतं. माझ्या अनुभवात दुसऱ्या दिवशी नऊच्या पुढे, आदल्या दिवशीचे सकाळचे व्हिडिओ चोवीस तास जुने होत गेले तसे, नवे जाऊ लागले. सगळीकडे असंच होतं असा दावा मी करणार नाही, पण आमच्याकडे तरी दर वेळी हेच दिसलं.

म्हणजे स्क्रिप्टमध्ये जे उरलेलं दिसतं ते वेगळंच, आणि जे अडवतं ते तिथेही दिसत नाही. माझं मन स्टुडिओकडे वळलं ते इथे. शिवाय 28 जुलै 2020 नंतर काढलेल्या आणि यूट्यूबकडून तपासणी न झालेल्या प्रोजेक्टमधून टाकलेले व्हिडिओ खासगीच राहतात. ज्याला शेकडो जुने व्हिडिओ चढवायचे आहेत आणि तपासणीचा अर्ज करायचा धीर आहे, त्याने स्क्रिप्ट जरूर लिहावी. गावच्या मैदानासाठी मला ते जड वाटतं.

उरलेल्याचा हिशेब मी आता वहीत ठेवतो. प्रत्येक अपलोडसमोर वेळ लिहायची: 9.10, 9.25, 9.40. संदेश येईल त्या दिवशी मागच्या चोवीस तासांतल्या ओळी मोजायच्या, तो आपल्या चॅनेलचा अंदाजे आकडा. पुढच्या वेळी त्या आकड्यातून तेव्हाच्या मागच्या चोवीस तासांतल्या ओळी वजा केल्या की शिल्लक कळते. मोबाइलवरून कुणी शॉर्ट टाकला तर तोही लिहायचा, हे आमच्यात दोनदा राहून गेलं आणि हिशेब चुकला.

आणि भावा, मर्यादा अपलोडवर आहे. आज टाकलेला व्हिडिओ शेड्यूल करून परवा प्रसिद्ध केला तरी तो आजच्याच खात्यात धरला जातो. म्हणून बावीस कुस्त्या असतील तर आदल्या संध्याकाळी दहा टाकून शेड्यूल करायच्या असं करू नका, त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जागा अडवून बसतात. अंतिम कुस्ती आणि घरच्यांनी मागितलेल्या कुस्त्या आधी चढवा, बाकीच्या दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.