रबरी मॅट, बाल्कनीचं ऊन आणि ४० रुपयांचा पंचा

गेल्या महिन्यात अधोमुख श्वानासनातून उठले तर दोन्ही तळव्यांना काळी भुकटी लागलेली. ३,२०० रुपयांची नैसर्गिक रबराची मॅट, जेमतेम १४ महिने वापरलेली. नीट पाहिलं तर मधोमध वीतभर पट्ट्यात बारीक भेगा, आणि नख लावलं की चुरा. माझं डोकंच फिरलं. सर्व्हिसवाल्यांना फोटो पाठवले, तर उत्तर आलं, "मॅडम, मॅट उन्हात ठेवली होती का? मग वॉरंटीत बसत नाही." चार दिवस भांडले.

आता आधीचं सांगते. सुरुवात ४५० च्या फोमपासून केली होती. वजन काहीच नाही, गुडघ्याला मऊ. पण चार महिन्यांत टाचांच्या जागी खळगे पडले ते परत भरून आलेच नाहीत, नखांनी तुकडे निघायला लागले, आणि वृक्षासनात पाय गादीवर उभं राहिल्यासारखा डुलायचा. सूर्यनमस्कारात तर आमच्या गुळगुळीत टाइल्सवर मॅटच पुढे सरकायची. फोमबद्दल एवढं पुरे.

रबर हातात आल्यावर मात्र जादूच वाटली. कोरड्या हाताला ते चिकटतं म्हटलं तरी चालेल. माझ्या मॅटचा वरचा थर सच्छिद्र आहे, म्हणजे घाम वर साचत नाही, आत जिरतो. ठाण्याच्या मे महिन्यातसुद्धा पाऊण तास हात घसरला नाही. (बंद पृष्ठभागाची रबरी मॅट मैत्रिणीकडे आहे, ती घामाने घसरते. घेताना हे विचारा.) वजन २ किलो ४०० ग्रॅम, क्लबहाउसपर्यंत खांद्यावर नेताना रोज एकदा तरी कुरकुर व्हायचीच.

पण जिरलेला घाम जातो कुठे? बॅगा मोजायच्या काट्याला मॅट अडकवून पाहिली. तासाभरानंतर ६० ग्रॅम जास्त. जुलैत दुसऱ्या दिवशी सकाळीही त्यातले ४० ग्रॅम तसेच होते, आणि वास असा की यजमानांनी मॅट बेडरूममधून हद्दपार केली. मग सासूबाईंनी तिला बाल्कनीच्या कठड्यावर टाकायला सुरुवात केली. आपल्याकडे गाद्या, पापड, मिरच्या, सगळं उन्हातच वाळतं. मीही पाऊस उघडल्यावर तेच चालू ठेवलं.

भांडणाच्या पाचव्या दिवशी सहज ती मॅट पुन्हा कठड्यावर टाकून पाहिली. भेगांचा पट्टा बरोब्बर कठड्याच्या वळणावर आला, आणि भेगाही कठड्याला समांतर. इथे माझा आवाज बंद झाला. उन्हाने नैसर्गिक रबराचे धागे तुटतातच, पण हवेतला ओझोन खास करून ताणलेल्या रबराला चिरतो, आणि ताणाच्या आडव्या दिशेने चिरतो. कठड्यावर मॅटची वरची बाजू ताणलेली असायची, वर दोन तास ऊन. दोष आमचाच. तरी राग आहेच: ही सूचना खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरात छापायची काय गरज? खोबरेल तेलाबद्दलही तिथेच लिहिलंय. तेलाने रबर फुगून मऊ पडतं, आणि मी हिवाळाभर हातापायांना तेल चोपडून क्लासला जात होते.

दुसरी मॅट टीपीईची, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लास्टिकची, सहा मिलिमीटर, १,१५० रुपये, ९०० ग्रॅम. ही ११ महिने प्रवासासाठी आणि पावसाळ्यात वापरतेय. आधी मी तिला 'प्लास्टिक' म्हणून नाकं मुरडली होती. घाम अजिबात पीत नाही, त्यामुळे वास नाही, ओल्या फडक्याने पुसली की झालं. पण तोच घाम वर साचतो आणि दहाव्या नमस्काराला हात पुढे जातात. हाताच्या जागची नक्षी आता झिजून चकचकीत झालीय, कडा थोड्या ताणून लहरी झाल्यात. उन्हात उभ्या गाडीत एकदा राहिली, तर मऊ होऊन गुंडाळीचा बाक तसाच बसला. हिची खरी झीज चुऱ्याने नाही, चकाकीने ओळखायची.

हात घसरण्यावर उपाय आईने सांगितला, तिच्या वेळी सतरंजीवरच आसनं व्हायची. हाताच्या जागी साधा सुती पंचा टाकायचा, त्यावर आधी थोडं पाणी शिंपडायचं. कोरडा पंचा सरकतो, ओलसर झाला की टीपीईलाही धरतो आणि तळव्यालाही. ४० रुपयांत रबराची पकड, आणि पंचा खुशाल उन्हात वाळवा.

हिशेब केला तर रबर महिन्याला २२९ रुपये पडलं, फोम ११३, टीपीई आत्तापर्यंत १०५ आणि अजून चालू आहे. तरी कोरड्या हवेत, पंख्याखाली सावलीत आडवी पसरून वाळवण्याइतकी जागा घरात असेल, तर मी रबरच घेईन. आमच्याकडे तेवढी जागा नाही. जुन्या मॅटचे चार चौकोन कापून वॉशिंग मशीनच्या पायांखाली घातलेत. सासूबाई म्हणाल्या, उरलेला तुकडा वाळत टाकू का?