थायरॉईडची गोळी सकाळी घ्यावी की रात्री, आणि सोबत कॅल्शियम-आयर्न चालू असेल तर काय

ज्यांना नुकतीच लेव्होथायरॉक्सिन सुरू झालीये, किंवा वर्षानुवर्षं घेताय पण टीएसएच एका जागी राहतच नाहीये, त्यांच्यासाठी लिहितेय. खरं तर पर्याय तीनच आहेत. सकाळी उपाशीपोटी, रात्री झोपताना, किंवा सरळ नाश्त्याबरोबर. यातला कुठला चांगला हे फक्त थायरॉईडच्या गोळीकडे बघून ठरत नाही, तुमच्या डब्यात आणखी कुठल्या गोळ्या आहेत त्यावर ठरतं. हे मला आईच्या गोळ्यांवरून कळलं, आणि कळायला जवळजवळ वर्ष गेलं.

आधी गोळीचं गणित. ही गोळी मायक्रोग्रॅममधे असते, 50, 75, 100 अशी. म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी. पोटातल्या अॅसिडमधे ती विरघळते आणि पुढे लहान आतड्यात शोषली जाते, आणि उपाशीपोटी घेतली तरीसुद्धा सगळी शोषली जात नाही, साधारण 60 ते 80 टक्केच रक्तात पोहोचते. आता त्याच वेळी तिथे 500 मिलिग्रॅम कॅल्शियम असेल तर वजनात ते हजारो पट जास्त झालं. कॅल्शियम थायरॉक्सिनला चिकटतं, आयर्न तर आणखी घट्ट धरून ठेवतं, आणि ती जोडी आतड्यातून आत न जाता तशीच बाहेर पडते. स्ट्रिपवर 75 लिहिलंय आणि तुम्ही 75 गिळलेत, पण अंगाला किती लागलं ते वेगळंच.

जेवणाचं तसंच पण जरा सौम्य. अन्नाने पोटातलं अॅसिड पातळ होतं, फायबर आणि सोया गोळीला धरून ठेवतात, दुधात कॅल्शियम असतंच. कॉफीनेही शोषण कमी होतं, म्हणून गोळी फक्त साध्या पाण्याने घ्यायची आणि कॉफीला किमान अर्धा तास, जमलं तर एक तास थांबायचं.

आता पहिला पर्याय, सकाळी उठल्या उठल्या, नाश्त्याच्या 30 ते 60 मिनिटं आधी. बहुतेक डॉक्टर हेच सांगतात आणि कारणही साधं आहे, रात्रभर पोट रिकामं असतं त्यामुळे वेगळी काही शिस्त लागत नाही. 2009 मधे एक अभ्यास छापून आला होता, त्यात त्याच लोकांना आलटून पालटून तिन्ही पद्धतींनी गोळी दिली. गोळी अंगाला कमी लागली की टीएसएच चढतो, जास्त लागली की उतरतो. उपाशीपोटी टीएसएचची सरासरी 1 च्या आसपास, झोपताना घेतली तेव्हा 2 च्या जरा वर आणि नाश्त्याबरोबर जवळपास 3. गोळी तीच, डोस तोच, फक्त वेळ बदलली! तोटा एकच, सकाळी घाई असणाऱ्यांचा तो एक तास पाळला जात नाही. तास म्हणता म्हणता पंधरा मिनिटं होतात, कधी वीस, रविवारी दोन तास, आणि मग रिपोर्ट वर-खाली व्हायला लागतो.

दुसरा पर्याय रात्री झोपताना, शेवटचं खाणं होऊन किमान 3 तास झाल्यावर. याबद्दल पुष्कळांना वाटतं की हे चुकीचं आहे किंवा गोळीने झोप उडेल. पण 2010 चा नेदरलँड्समधला एक अभ्यास आहे, त्यात झोपताना घेणाऱ्यांचा टीएसएच सकाळपेक्षा चांगला आला, सरासरी सव्वाने कमी, आणि हृदयाचे ठोके किंवा रोजचं जगणं यात फरक दिसला नाही. म्हणजे एका अभ्यासात सकाळ पुढे आणि दुसऱ्यात रात्र. मला यात भांडण दिसत नाही. गोळी पोटात जाते तेव्हा पोट खरंच किती रिकामं आहे हा मुद्दा आहे, घड्याळात किती वाजले हा नाही. साडेसात-आठला जेवून अकराला झोपणाऱ्याला रात्र मस्त जमेल. दहाला जेवून साडेदहाला आडवं होणाऱ्याला किंवा झोपताना दूध पिणाऱ्याला अजिबात नाही. ज्यांचा हात झोपायच्या आधी काहीतरी खायला जातोच त्यांनीही या वाटेला जाऊ नये.

तिसरा, नाश्त्याबरोबर. यात शोषण कमी होतं हे नक्की, तरी काही डॉक्टर अशा पेशंटला हो म्हणतात ज्याच्याकडून नाहीतर गोळी राहूनच जाते, कारण रोज एकाच प्रकारे घेतली तर रिपोर्ट बघून डोस त्यानुसार बसवता येतो. अडचण अशी की नाश्ता रोज एकसारखा नसतो, आज दूध, उद्या काही नाही, परवा भरपूर फायबर, म्हणून आकडा हलत राहतो. प्रेग्नन्सीत किंवा थायरॉईडच्या कॅन्सरनंतर, जिथे टीएसएच अगदी ठरलेल्या पट्ट्यात ठेवायचा असतो, तिथे मी तरी हा पर्याय धरणार नाही.

इथपर्यंत सगळं नुसत्या थायरॉईडच्या गोळीचं झालं. कॅल्शियम किंवा आयर्न आलं की खरी निवड सुरू होते, कारण त्यांच्यात आणि हिच्यात 4 तासांचं अंतर लागतं. आणि ते दोन्ही बाजूंनी. थायरॉईडची गोळी आधी घेतली तर पुढे 4 तास कॅल्शियम नाही, आणि कॅल्शियम आधी घेतलं असेल तर पुढे 4 तास थायरॉईडची गोळी नाही. मल्टीव्हिटॅमिन यातच धरा, बऱ्याच मल्टीव्हिटॅमिनमधे आयर्न आणि कॅल्शियम दोन्ही असतं, पाकिटाच्या मागे बघा. अॅसिडिटीची चघळायची गोळी किंवा पातळ औषध असतं त्यातही कॅल्शियम, अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असतं, त्यालाही हाच नियम. आयर्नचा परिणाम किती मोठा होतो ते 1992 च्या एका छोट्या अभ्यासात दिसलं होतं, 14 पेशंटनी 12 आठवडे दोन्ही गोळ्या एकत्र घेतल्या आणि टीएसएचची सरासरी 1.6 वरून 5.4 वर गेली.

आता आईचं सांगते. तिची 75 ची गोळी कित्येक वर्षं चालू, टीएसएच 2 ते 3 मधे. मग हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं, दिवसातून एकदा. आईने काय केलं, सकाळी साडेसहाला थायरॉईडची गोळी घेतेच आहोत तर त्यासोबतच घेऊन टाकू म्हणजे विसरायला नको, असं म्हणून दोन्ही एकदम सुरू केल्या. तीन महिन्यांनी टीएसएच 7.8. थकवा, बद्धकोष्ठता, पाय जड. डॉक्टरांनी विचारलं गोळी रोज घेता का, ती म्हणाली हो एकही चुकवली नाही, आणि ते खरंच होतं, म्हणून डोस 100 केला. कॅल्शियमचा विषय निघाला नाही कारण ते दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं आणि आईला ते औषध वाटतच नव्हतं, "ते तर ताकदीचं आहे गं". पुढचा रिपोर्ट छान आला, 2.4. सगळे खूष.

पण खरा घोळ इथून पुढे झाला. सहा महिन्यांनी कॅल्शियमचा कोर्स संपला आणि तिने ते बंद केलं. आता 100 ची गोळी कुठलीही अडवणूक नसताना पूर्ण शोषली जायला लागली. दोन महिन्यांत धडधड, हात थरथरणं, रात्री झोप नाही, वजन तीन किलोने उतरलं. आम्हाला वाटलं हार्टचं काही आहे, ईसीजी केला, मग कोणीतरी टीएसएच करायला सांगितला तर 0.08. म्हणजे डोस वाढवला तो थायरॉईड बिघडलं म्हणून नाही, तर अडलेल्या गोळीची भरपाई म्हणून, आणि अडथळा गेल्यावर तीच भरपाई जास्त झाली. वयस्कर माणसाला हे साधं नाही, टीएसएच असा दबलेला राहिला तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो, आणि कॅल्शियम तर आपण हाडांसाठीच दिलं होतं ना. शेवटी डॉक्टरांनी परत 75 केली आणि आठ आठवड्यांनी आकडा जागेवर आला.

म्हणून निवडताना मी आधी बाकीच्या गोळ्या कागदावर मांडते आणि मग थायरॉईडच्या गोळीला जागा शोधते. समजा कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर सांगितलंय (कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबरच नीट शोषलं जातं, त्यामुळे ते जेवणापासून तोडता येत नाही), तर रात्रीचा पर्याय आपोआप बाद. साडेआठला कॅल्शियम घेतलं तर थायरॉईडची गोळी साडेबारानंतर, कोण जागणार. इथे सकाळी सहा ठरवायचे, सातला नाश्ता, आयर्न असेल तर ते साडेदहा-अकराला, म्हणजे दुपारच्या कॅल्शियमपासूनही जरा लांब राहतं कारण ती दोघंही एकमेकांच्या आड येतात. उलट कोणाला सकाळच्या नाश्त्यालाच कॅल्शियम हवंय, आयर्न दुपारी आहे आणि जेवण साडेसातला होतं, तर अकराला झोपताना थायरॉईडची गोळी, दोन्ही गोळ्यांपासून 4 तासांहून जास्त लांब. अशा माणसाला सकाळचा हट्ट धरायला लावू नका. प्रेग्नन्सीत तिन्ही गोळ्या एकदम चालू असतात आणि थायरॉक्सिनची गरजही वाढलेली असते, तिथे हे वेळापत्रक डॉक्टरांसमोर बसूनच लिहून घ्या.

वेळ बदलली की लगेच फरक शोधू नका. या हॉर्मोनचा अर्धा साठा संपायला साधारण 7 दिवस लागतात आणि टीएसएच त्याहून हळू सरकतो, म्हणून बदल केल्यावर 6 ते 8 आठवड्यांनीच टेस्ट. टेस्टच्या दिवशी सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्या, नाहीतर फ्री टीफोर, म्हणजे रक्तातल्या थायरॉईड हॉर्मोनचा आकडा, थोडा वेळ वर गेलेला दिसतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते दोन दिवस आधी बंद, त्याने गोळीला काही होत नाही पण काही लॅबच्या टेस्टमधे आकडा खोटा येतो. आणि एकही गोळी चुकली नसताना टीएसएच अचानक चढला तर डोस वाढवायच्या आधी डॉक्टरांना स्वतःहून सांगा की गेल्या तीन महिन्यांत काय नवीन सुरू झालं, अॅसिडिटीची रोजची कॅप्सूलसुद्धा सांगा, कारण पोटातलं अॅसिड कमी झालं की ही गोळी नीट विरघळत नाही आणि तिथे 4 तासांचं अंतर ठेवूनही उपयोग होत नाही.

स्ट्रिपचंही एक राहिलं. ही गोळी ओल, उजेड आणि उष्णतेने खराब होते, त्यामुळे आठवड्याच्या गोळ्या एकदम फोडून डब्याच्या खणात भरू नका, घ्यायच्या वेळीच फॉइल फाडा. आईच्या बाबतीत याचा आणखी एक फायदा झाला. आधी सकाळच्या खणात सगळ्या गोळ्या एकत्र पडलेल्या असायच्या म्हणून एकत्र गिळल्या जायच्या. आता थायरॉईडची स्ट्रिप तिच्या उशाशी, पाण्याच्या तांब्याजवळ असते आणि बाकीच्या गोळ्या जेवणाच्या टेबलावर.