हरभऱ्याचं बी भिजवून, औषध चोळून पेरलं: रब्बी हंगामानंतरचा अनुभव

कोरडवाहू हरभऱ्याला पेरणीपासून काढणीपर्यंत पाहिल्यावर मत पक्कं झालंय: बी भिजवणं फायद्याचंच, पण जमिनीत थोडीतरी ओल असेल तरच. बियाला पहिलं पाणी आपण बाहेरून देतो, म्हणून ते लवकर आणि एकसारखं उगवतं. पुढचं पाणी मातीनेच द्यायला हवं. पेरणीच्या खोलीवरची माती मुठीत दाबून गोळा होत नसेल, तर भिजवलेलं बी मोड फुटून तिथेच सुकतं. कोरडं बी निदान पावसाची वाट पाहत पडून राहतं.

एकरी 30 किलो बियाचा हिशोब सांगतो. बी आधी कोरडं मोजायचं, कारण औषधाचं प्रमाण त्यावरच ठरतं. संध्याकाळी भरपूर पाण्यात टाकायचं आणि 8 तासांनी, म्हणजे पहाटे, उपसायचं. त्याहून जास्त ठेवू नका. पाण्याला फेस आला, रंग गढूळ पिवळा झाला, तर बी जुनं किंवा मळणीत तडकलेलं असतं. म्हणून आधी 100 दाणे भिजवून ओल्या गोणपाटात उगवून बघावेत.

उपसलेलं बी सावलीत गोणपाटावर पातळ पसरायचं. वरचं पाणी सुकून दाणे हाताला चिकटेनासे झाले की औषध लावायचं. कार्बोक्सिन 37.5 टक्के अधिक थायरम 37.5 टक्के ही भुकटी किलोला 3 ग्रॅम, म्हणजे 30 किलोला 90 ग्रॅम. हातमोजे घालून, बी हलक्या हाताने घोळायचं. जोरात चोळलं तर फुगलेल्या दाण्याची साल निघते, डाळ होते. आधी औषध आणि मग भिजवणं हा क्रम मात्र चुकीचा, सगळं औषध पाण्यात जातं.

रायझोबियम सर्वांत शेवटी, अगदी पेरणीच्या तोंडावर. थायरमचा या जिवाणूंना थोडा त्रास होतोच. मर रोगाचा इतिहास नसलेल्या रानात आम्हाला रासायनिक औषधाऐवजी ट्रायकोडर्मा किलोला 5 ग्रॅम हा मार्ग जास्त पटतो. तो भिजवलेल्या बियालाही छान चिकटतो.

खरी अडचण पेरणी यंत्रात येते. फुगलेला दाणा चकतीच्या छिद्रात अडकतो, मध्येच तास रिकामं जातं आणि ते उगवण झाल्यावरच दिसतं. म्हणून भिजवलेलं बी घालूनच यंत्र पुन्हा जुळवून घ्यावं. हाताने सोडायच्या तिफणीला ही अडचण नाही.

पाऊस आला आणि पेरणी थांबली तर बी ढिगात ठेवू नका, गरम होऊन मोड येतात. सावलीत पसरून सुकवा आणि वाफसा येताच पेरा. औषध लावलेलं उरलेलं बी जनावरांनाही घालायचं नाही.

सोयाबीनला हा प्रयोग करू नका. त्याची साल नाजूक, पाण्यात दाणा फुटतो आणि उगवण उलट घटते.